इतिवृत्तातला ‘मी’ कोण आणि ‘परवा’ कोणता?

प्रश्न: मी नागपूरला मानेवाडा भागातल्या एका फ्लॅट स्कीमची सचिव आहे. सभेत लोक जे बोलतात ते इतिवृत्तात माझ्या शब्दांत लिहायचं असतं आणि तिथेच गोंधळ होतो. रविवार, १३ एप्रिल २०२५ च्या सभेचं माझ्या वहीतलं टिपण असं होतं:

अध्यक्ष: टाकी गळून राहिली. प्लंबर परवा येऊन गेला. म्हणे व्हॉल्व्ह बदलावा लागेल, आठ हजार लागतील.
३०४ च्या मॅडम: मी मागच्या महिन्यातच पैसे दिले. पावती आहे माझ्याकडे. आता पुन्हा काहून देऊ?
कोषाध्यक्ष: पावती मला दाखवा.
३०४: उद्या आणून देते.
२०४ चे सर: उद्या बँक बंद आहे, मी परवा भरतो. पण तळमजल्यावाल्यांनो, तुम्ही कूलरला टाकीचं पाणी वापरून राहिले, ते आधी बंद करा.
तळमजला: मी नाही वापरत. तुमचाच कूलर दिवसभर चालून राहिला.
२०४: आपण सगळे मिळून ठरवू ना.

शाळेत शिकल्याप्रमाणे ‘म्हणाले’ आलं की पुढचं क्रियापद भूतकाळात, म्हणून मी लिहिलं: ‘अध्यक्ष म्हणाले की टाकी गळत होती.’ पुढे: ‘२०४ चे सभासद म्हणाले की मी परवा पैसे भरतो.’ मे महिन्याच्या सभेत हे वाचून दाखवलं तर एक जण म्हणाले, टाकी गळत ‘होती’ ना, मग आता खर्च कशाला? दुसऱ्यांनी विचारलं, परवा म्हणजे कधी? नीट कसं लिहायचं, आणि चुकलेलं आता कसं सुधारायचं?

उत्तर: सचिवताई, तुमच्या इतिवृत्तातली सगळ्यात मोठी गडबड त्या शाळेतल्या नियमामुळे झाली आहे, म्हणून आधी तोच बाजूला ठेवू. तो नियम इंग्रजीचा आहे. इंग्रजीत ‘ही सेड’ आलं की आतलं ‘इज लीकिंग’ सहसा ‘वॉज लीकिंग’ होतं. मराठीत तसं होत नाही. मराठीत आतल्या वाक्याचा काळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून मोजतात. तो बोलत असताना टाकी गळत असेल तर ‘टाकी गळत आहे असे अध्यक्षांनी सांगितले’ किंवा ‘टाकी गळत असल्याचे सांगितले’. ‘गळत होती असे सांगितले’ याचा मराठी वाचकाला लागणारा अर्थ असा की गळती सभेच्या आधी होती, आता कदाचित नाही. मे महिन्यात ज्या सभासदांनी हरकत घेतली, त्यांनी तुमचं वाक्य बरोबर वाचलं होतं. वाक्यच चुकीची गोष्ट सांगत होतं.

हेच भविष्यकाळालाही लागू. ‘पैसे भरीन’ असं कोणी म्हणालं तर ‘पैसे भरणार असल्याचे सांगितले’ एवढंच लिहायचं. त्याने नंतर भरले की नाही याची जबाबदारी त्या वाक्यावर नाही. आणि बोलणारा स्वतःच आधीची गोष्ट सांगत असेल, जसं ३०४ च्या मॅडम ‘दिले’ म्हणतात, तर तो भूतकाळ तसाच राहतो: ‘पैसे दिल्याचे सांगितले’. म्हणजे क्रियापदाचा काळ जवळजवळ हलवायचाच नाही.

आपल्या नागपूर भागात मात्र काळाचा एक वेगळा फसवा प्रकार आहे आणि तो तुमच्या टिपणात तीनदा आला आहे. ‘गळून राहिली’, ‘वापरून राहिले’, ‘चालून राहिला’. रूप बघितलं तर भूतकाळाचं, पण बोलीतला अर्थ चालू वर्तमानाचा. ‘मी जेवून राहिलो’ म्हणजे मी आत्ता जेवतो आहे. भूतकाळ सांगायचा असेल तर आपण ‘जेवून राहिलो होतो’ म्हणतो. बोली जशीच्या तशी प्रमाण मराठीत उतरवली, किंवा नुसतं रूप बघून ‘गळत राहिली’, ‘वापरत राहिले’ असं केलं, तर अर्थ सरकतो. ‘वापरत राहिले’ म्हणजे सांगूनसुद्धा थांबले नाहीत. २०४ चे सर तसं म्हणालेच नव्हते. इतिवृत्त लिहिताना ‘-ऊन राहिला’ दिसलं की आधी ते ‘-त आहे’ करून घ्यायचं आणि मगच पुढचे बदल करायचे. बाहेरून आलेला माणूस इथलं बोलणं टिपतो तेव्हा याच ठिकाणी सगळ्यात जास्त चुकतो. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला अर्थ कळला होता, पण शाळेच्या नियमाने तुमच्याकडून चूक करवून घेतली.

आता सर्वनामं. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या दोन वाटा आहेत. एक ‘की’ची: ‘ते म्हणाले की मी परवा पैसे भरतो.’ दुसरी ‘असे’ची: ‘आपण मंगळवारी पैसे भरू, असे त्यांनी सांगितले.’ ‘की’च्या वाटेवर मराठी बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवू देते. घरात, रस्त्यावर आपण सर्रास असंच बोलतो आणि ते अशुद्ध नाही. पण मग ‘मी’ म्हणजे कोण, हे फक्त आवाजाच्या चढउतारावरून कळतं. कागदावर आवाज नसतो. पुढच्या सभेत इतिवृत्त तुम्ही वाचून दाखवता तेव्हा ‘मी परवा पैसे भरतो’ हे तुमच्या तोंडून येतं, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर तरी वाटतं की सचिव पैसे भरणार आहेत. ‘तुम्ही’चंही तेच. ‘ते म्हणाले की तुम्ही पाणी वापरता’ हे वाचताना तुम्ही ज्यांच्याकडे बघाल, त्यांना ते लागेल.

म्हणून इतिवृत्तात ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांपैकी एकही शब्द अवतरणचिन्हाच्या बाहेर दिसू नये. त्यांच्या जागी काय घालायचं, हा खरा कौशल्याचा भाग आहे. सहज सुचतं ते ‘ते’ आणि ‘त्यांनी’. पण ‘ते मंगळवारी पैसे भरणार असल्याचे त्यांनी सांगितले’ या वाक्यात पैसे भरणारे आणि सांगणारे एकच आहेत की दोघे वेगळे, हे कळत नाही. २०४ च्या सरांनी शेजाऱ्याबद्दल सांगितलं असंही वाचता येतं. याच कामासाठी मराठीत ‘आपण’ आहे. ‘आपण मंगळवारी पैसे भरणार असल्याचे त्यांनी सांगितले’ म्हटलं की भरणारा आणि सांगणारा एकच, हे पक्कं होतं. तसंच ‘माझ्याकडे’चं ‘आपल्याकडे’, ‘माझा’चं ‘आपला’, ‘मला’चं ‘आपल्याला’.

‘आपण’ वापरलं की क्रियापद त्याच्या मागे जातं, इथे लक्ष हवं. ‘मी आजारी आहे’ याचं ‘आपण आजारी आहोत असे त्यांनी सांगितले’ होतं, आणि ‘मी चुकले’ याचं ‘आपण चुकलो असे त्या म्हणाल्या’. बाई बोलत असली तरी ‘चुकलो’च, कारण ‘आपण’ला ते रूप लागतं. कानाला हे खटकत असेल तर क्रियापदाला ‘-ल्याचे’, ‘-णार असल्याचे’, ‘-ण्याचे’ या रूपात टाका: ‘आपण आजारी असल्याचे’, ‘आपली चूक झाल्याचे’. मग पुरुष, लिंग, वचन कशाचीच कटकट उरत नाही. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘असल्याचे सांगितले’ इतकं दिसतं ते याच सोयीमुळे. फक्त ओळीने चार वाक्यं ‘असल्याचे’वर संपली तर वाचणारा कंटाळतो, म्हणून मधूनमधून ‘असे’ची साधी वाक्यं ठेवा.

‘आपण’ची मर्यादाही मोठी आहे, कारण या एका शब्दाला तीन कामं आहेत. बोलणारा स्वतः, आदराने संबोधलेला समोरचा माणूस, आणि आपण सगळे. ‘अध्यक्षांनी कोषाध्यक्षांना सांगितले की आपण हिशोबात चूक केली’ हे वाक्य घ्या. चूक अध्यक्षांनी केली, कोषाध्यक्षांनी केली की सगळ्यांनी मिळून? तिन्ही वाचनं चालतात, आणि हिशोबाच्या बाबतीत असं वाक्य वहीत राहणं बरं नाही. मी पाळतो तो दंडक असा: ‘आपण’ फक्त सांगणाऱ्या माणसासाठी वापरायचा. समोरच्या माणसासाठी त्याचं पद किंवा सदनिका क्रमांक लिहायचा. आणि सगळ्यांसाठी ‘सर्व सभासद’. तुमच्या टिपणातल्या शेवटच्या ओळीत ‘आपण सगळे मिळून ठरवू’ हे शेवटच्या अर्थाचं आहे, तेव्हा ते ‘सर्व सभासदांनी मिळून ठरवावे, असे सुचवले’ असं होईल. एकच क्रमांक तीनदा आला तरी येऊ द्या. ललित लेखनात ही पुनरुक्ती खटकेल, इतिवृत्तात तीच उपयोगी पडते.

काळ दाखवणाऱ्या शब्दांत ‘परवा’ हा मराठीतला सगळ्यात धोक्याचा शब्द. तो मागेही जातो आणि पुढेही. तुमच्या एकाच सभेत तो दोन्ही दिशांना गेला आहे. अध्यक्षांचा ‘परवा’ शुक्रवार, ११ एप्रिल. २०४ च्या सरांचा ‘परवा’ मंगळवार, १५ एप्रिल. बोलताना क्रियापदावरून दिशा कळते, ‘येऊन गेला’ म्हणजे मागचा, ‘भरतो’ म्हणजे पुढचा. पण क्रियापद ‘-ण्याचे’ किंवा ‘-ल्याचे’ झालं आणि वाचणारा महिनाभराने वाचत असला की नुसती दिशा पुरत नाही, तो वार आणि तारीख शोधतो.

व्याकरणाच्या पुस्तकांत यासाठी ठरलेली बदली असते: आजचं ‘त्या दिवशी’, उद्याचं ‘दुसऱ्या दिवशी’, कालचं ‘आदल्या दिवशी’, आत्ताचं ‘त्या वेळी’. गोष्ट किंवा आठवण लिहिताना ती अगदी बरोबर. इतिवृत्तात मात्र मी ती सुचवणार नाही, कारण ‘दुसऱ्या दिवशी’ वाचून माणसाला पुन्हा वर जाऊन सभेची तारीख बघावी लागते. सरळ वार आणि तारीख लिहा. ‘उद्या बँक बंद आहे’ मधला उद्या म्हणजे सोमवार, १४ एप्रिल, आंबेडकर जयंती. तारीख लिहिली की बँक का बंद होती हे वेगळं सांगावंही लागत नाही, नागपूरच्या माणसाला तर नाहीच. ‘मागच्या महिन्यात’ याचं ‘मार्च २०२५ मध्ये’ करा. तसं केलं नाही तर मे महिन्याच्या सभेत ऐकणारा मागचा महिना म्हणजे एप्रिल धरेल आणि ३०४ च्या मॅडमची पावती खोटी वाटायला लागेल.

तारीख लिहिताना एक पथ्य पाळा. बोलणारा मोघम बोलला असेल तर त्याच्या तोंडी तारीख घालू नका. ‘दोनचार दिवसांत बघतो’ याचं ‘१७ एप्रिलपर्यंत’ करायचा अधिकार आपल्याला नाही. तिथे ‘दोनचार दिवसांत बघतो, असे म्हणाले’ एवढंच लिहायचं. सभेला तारीख हवी असेल तर सभेतच विचारून घ्यायची.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या वृत्तपत्रांच्या डेस्कवर हीच कसरत रोज चालते. मंत्री सोमवारी सभागृहात ‘उद्या निवेदन करतो’ म्हणतात, बातमी सोमवारी रात्री लिहिली जाते आणि वाचक ती मंगळवारी सकाळी वाचतो. त्याच्यासाठी तो ‘उद्या’ ‘आज’ झालेला असतो. म्हणून डेस्कवर त्याचं ‘मंगळवारी निवेदन करणार’ होतं. बातमीला दुसऱ्या दिवशीचा वाचक, इतिवृत्ताला दोन वर्षांनी वाद काढणारा वाचक. लिहिताना तोच डोळ्यांसमोर ठेवायचा.

जागेच्या शब्दांचं फार नाही. ‘इथे’, ‘खाली’, ‘समोर’ यांच्या जागी ठिकाणाचं नाव घाला. ‘येणे-जाणे’, ‘आणणे-नेणे’ ही क्रियापदं सभा सोसायटीतच होत असेल तोवर तशीच ठेवा. कोणी पुण्याहून फोनवर ‘मी तिकडे येतो’ म्हणाले तर ‘नागपूरला येणार असल्याचे’ लिहा.

आता सांगण्याच्या क्रियापदाकडे येतो, कारण वादाची खरी मुळं तिथे असतात. आधी रूपाची गोष्ट. ‘त्यांनी म्हणाले’ हे चूक आहे. ‘ते म्हणाले’ किंवा ‘त्यांनी म्हटले’. ‘म्हणाला’ला कर्त्याचा ‘-ने’ लागत नाही. ‘म्हटले’, ‘सांगितले’, ‘विचारले’, ‘सुचवले’ यांना लागतो. आणि ‘ते म्हणाले की … असे ते म्हणाले’ अशी दोन्ही टोकांना गाठ मारू नका. ‘की’ आलं तर ‘असे म्हणाले’ नको.

अर्थाची गोष्ट याहून महत्त्वाची. ‘सांगितले’ आणि ‘म्हणाले’ ही तटस्थ क्रियापदं आहेत, बोलणं खरं की खोटं यावर ती काही म्हणत नाहीत. पण ‘निदर्शनास आणले’, ‘लक्षात आणून दिले’, ‘स्पष्ट केले’, ‘कबूल केले’ ही तशी नाहीत. यांपैकी एक लिहिलंत की सांगितलेली गोष्ट खरी आहे, हे इतिवृत्त लिहिणाऱ्याने मान्य केलं असं होतं. ‘तळमजल्यावर कूलरसाठी टाकीचे पाणी वापरले जात असल्याचे २०४ च्या सभासदांनी निदर्शनास आणले’ असं लिहिलं तर सोसायटीच्या वहीत पाण्याचा वापर सिद्ध झाला. तळमजल्याच्या सभासदांनी त्याच क्षणी ते नाकारलं होतं, तरीही. उलट टोकाला ‘दावा केला’ आणि ‘आरोप केला’. ‘पैसे दिल्याचा दावा केला’ लिहिलं की ३०४ च्या मॅडमवर संशय आलाच. त्यांच्याकडे पावती आहे, त्यांनी ती दाखवायची तयारी दाखवली आहे, मग ‘दावा’ कशाला? तिथे ‘सांगितले’च हवं. कूलरच्या बाबतीत ‘तक्रार केली’ हा मला मधला आणि न्याय्य शब्द वाटतो. तक्रार खरीही असू शकते, खोटीही.

‘नाकारले’ वापरताना नकाराची दुहेरी गाठ बसते, ती मी कितीतरी इतिवृत्तांत पाहिली आहे. ‘आपण पाणी वापरत नसल्याचे नाकारले’ असं लिहिलं जातं. अर्थ उलटा झाला, म्हणजे वापरतो असं ते म्हणाले. ‘पाणी वापरत असल्याचे नाकारले’ किंवा ‘वापरत नसल्याचे सांगितले’, दोन्हीतलं एकच.

प्रश्नाच्या बाबतीत, कोण, कधी, किती हे शब्द तसेच राहतात, फक्त प्रश्नचिन्ह जातं: ‘काम कधी सुरू होणार, अशी विचारणा केली’. ‘भरले का?’ याचं ‘भरले आहेत का, असे विचारले’ करता येतं. ‘भरले की नाही’ही चालतं, पण त्यात थोडा दम दिल्यासारखा सूर येतो, तो मुळात नसेल तर टाळा. पण ३०४ च्या मॅडमचं ‘आता पुन्हा काहून देऊ?’ हे रूपाने प्रश्न आणि कामाने नकार आहे. त्यांना कारण जाणून घ्यायचं नव्हतं. ‘पुन्हा पैसे का द्यावेत, असे त्यांनी विचारले’ लिहिलं तर मूळ गोष्ट हरवते. ‘पुन्हा पैसे देण्यास हरकत घेतली’ हे त्यांच्या बोलण्याचं खरं रूपांतर. अशा ठिकाणी शब्द बदलतात आणि अर्थ जास्त जपला जातो.

आज्ञेचं तसंच. ‘पावती मला दाखवा’ याचं ‘पावती दाखवण्यास सांगितले’, ‘बंद करा’चं ‘बंद करावे, असे सांगितले’. त्या ‘सांगितले’च्या जागी ‘विनंती केली’ की ‘बजावले’, हे आवाजावरून ठरतं आणि तिथे सभेला तुम्ही होतात, मी नव्हतो. शंका असेल तर ‘सांगितले’वर थांबा.

राहिलं अध्यक्षांच्या बोलण्यातलं प्लंबरचं बोलणं. तुमच्या टिपणात ‘म्हणे’ आहे. हा छोटा शब्द सांगतो की ही ऐकीव गोष्ट आहे, अध्यक्षांची स्वतःची पाहणी नव्हे. ‘म्हणे’ इतिवृत्तात शोभत नाही, पण तो नुसता काढून टाकला तर आठ हजारांचा अंदाज अध्यक्षांच्या नावावर जमा होतो. म्हणून दोन्ही सांगणारे दिसू द्यायचे: ‘असे प्लंबरने सांगितल्याची माहिती अध्यक्षांनी दिली’.

हे सगळं लावून तुमचं टिपण असं होईल:

‘गच्चीवरील टाकी गळत असल्याचे अध्यक्षांनी सांगितले. शुक्रवार, दि. ११ एप्रिल रोजी प्लंबर येऊन गेला असून व्हॉल्व्ह बदलावा लागेल व त्यासाठी आठ हजार रुपये लागतील, असे त्याने सांगितल्याची माहिती त्यांनी दिली. सदनिका ३०४ च्या सभासदांनी आपण मार्च २०२५ मध्येच पैसे दिले असून आपल्याकडे पावती असल्याचे सांगितले व पुन्हा पैसे देण्यास हरकत घेतली. कोषाध्यक्षांनी त्यांना पावती दाखवण्यास सांगितले. सोमवार, दि. १४ एप्रिल रोजी पावती आणून देण्याचे सदनिका ३०४ च्या सभासदांनी मान्य केले. सोमवारी बँक बंद असल्याने आपण मंगळवार, दि. १५ एप्रिल रोजी पैसे भरू, असे सदनिका २०४ च्या सभासदांनी सांगितले. तळमजल्यावर कूलरसाठी टाकीचे पाणी वापरले जात असल्याची तक्रार करून ते आधी बंद करावे, असे ते म्हणाले. तळमजल्यावरील सभासदांनी आपण पाणी वापरत नसल्याचे सांगितले. उलट सदनिका २०४ मधील कूलर दिवसभर चालू असतो, असे ते म्हणाले. याबाबत सर्व सभासदांनी मिळून ठरवावे, असे सदनिका २०४ च्या सभासदांनी सुचवले.’

टाकी गच्चीवर आहे हे मी गृहीत धरलं आहे, नसेल तर तो शब्द बदला. ‘मान्य केले’ मी लिहिलं, कारण ३०४ च्या मॅडमचं ‘आणून देते’ हे कोषाध्यक्षांच्या सांगण्याला दिलेलं उत्तर आहे. कोणी न मागता त्या तसं म्हणाल्या असत्या तर ‘आणून देऊ, असे सांगितले’ लिहिलं असतं.

काही बोलणं मात्र बदलूच नये. धमकी, अपमानाचे शब्द, ‘अमुक झालं तरच तमुक करीन’ अशी अट, आणि ठरावाचे शब्द. यात एक प्रत्यय हलला तरी अर्थ बदलतो, आणि उद्या प्रकरण वर गेलं तर नेमके शब्द काय होते, हेच विचारलं जाईल. ते अवतरणचिन्हात, बोलीत असेल तर बोलीत, जसंच्या तसं लिहा. त्याच्या आत ‘मी’ आणि ‘परवा’ खुशाल राहू द्या, फक्त पुढे कंसात तारीख घाला. पण अवतरणचिन्ह लावलं की आतला शब्दन् शब्द त्या माणसाचा असायला हवा. अर्धं त्याचं, अर्धं आपलं असं चालत नाही.

चुकलेल्या नोंदीवर आता खाडाखोड करू नका, पांढरी शाई तर नाहीच. मूळ वाक्य वाचता येईल असंच राहू द्या. ३०४ आणि २०४ च्या सभासदांना व अध्यक्षांना आधी विचारून घ्या की वर लिहिलेलं त्यांच्या बोलण्याशी जुळतं का. मग येत्या सभेत मागील इतिवृत्ताचा विषय निघेल तेव्हा ही दुरुस्ती वाचून दाखवा आणि त्या सभेच्या इतिवृत्तात घ्या: ‘दि. १३ एप्रिल २०२५ च्या इतिवृत्तात “अध्यक्ष म्हणाले की टाकी गळत होती” असे आहे, तेथे “टाकी गळत असल्याचे अध्यक्षांनी सांगितले” असे वाचावे. तसेच “२०४ चे सभासद म्हणाले की मी परवा पैसे भरतो” येथे “आपण मंगळवार, दि. १५ एप्रिल २०२५ रोजी पैसे भरू, असे सदनिका २०४ च्या सभासदांनी सांगितले” असे वाचावे. सभेने ही दुरुस्ती मान्य केली.’ खाली नेहमीप्रमाणे अध्यक्षांची आणि तुमची सही. एप्रिलच्या पानावर समासात फक्त दुरुस्ती कोणत्या तारखेच्या सभेत झाली, एवढं लिहून ठेवा.